गरोदरपणातले वण, खाज आणि वांग

सातवा महिना चालू आहे. पोटावर लालसर वण उठलेत, खाज थांबत नाही, गालांवर वांग आलाय. कोणतं तेल लावू?

घरातलं साधं खोबरेल लावा, खाज कमी होईल. वण मात्र कुठल्याच तेलाने टळत नाहीत, महागड्यानेही नाही. मी त्वचारोग विभागात काम करते, तिथे हा प्रश्न रोजचा. वण कातडीच्या आतल्या थरातले तंतू ताणाने तुटल्यामुळे पडतात आणि वरून चोळलेलं तेल तिथवर पोचत नाही. आईला पडले असतील तर तुम्हाला पडण्याची शक्यता जास्त. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ते फिकट होतात, पूर्ण जात नाहीत. आंघोळ कोमट पाण्याने करा आणि अंग ओलसर असतानाच तेल लावा. वांग संप्रेरकांमुळे येतो आणि उन्हाने गडद होतो, म्हणून ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावा. रेटिनॉइड असलेलं क्रीम आत्ता नको.

फक्त एक पाहा: पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटून रात्री वाढत असेल, तर तेलावर थांबू नका. ते यकृतातल्या पित्ताच्या त्रासाचं लक्षण असू शकतं आणि त्याचा बाळाला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून रक्तातील पित्ताम्ल आणि यकृताची तपासणी करून घ्या.