नुसत्या 'हाय'ला किती मोकळं व्हायचं?

प्रश्न: ओळख ना पाळख, अशा माणसाचा 'हाय' किंवा 'नमस्कार' येतो. उत्तर नाही दिलं तर आपण उद्धट वाटतो, आणि जरा नीट बोललं की लोक चिकटतात. किती मोकळेपणाने बोलावं?

पहिलं उत्तर सभ्य आणि आखूड द्यायचं. किती मोकळं व्हायचं ते समोरच्याचा दुसरा मेसेज आल्यावर ठरवायचं. नुसत्या 'हाय'मधून माणसाबद्दल काहीच कळत नाही. चांगला, वाईट, लाजाळू, रिकामटेकडा, सगळे तोच एक शब्द टाइप करतात. प्रोफाइलच्या फोटोवरूनही मी काही ठरवत नाही, कारण फोटो कुणाचाही उचलून लावता येतो.

शाईच्या जुन्या पेनांची आवड असणाऱ्यांचा एक ग्रुप मी चालवतो. माझा नंबर तिथे सगळ्यांना दिसतो, त्यामुळे असे मेसेज मला सतत येतात. त्या सगळ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: "नमस्कार. कशासंदर्भात?" एवढंच. स्मायली नाही, 'बोला ना' नाही, 'कसे आहात' नाही. ज्याचं खरंच काही काम असतं त्याला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट सुटल्यासारखं होतं. लगेच येतं, "सर, वडिलांचं पेन आहे, टोपण उघडलं की निबच्या खाली शाई साचलेली असते, काय करू?" मग मीही सैल होतो. फोटो मागवतो, पेनात शाई भरलेली नळी आहे की पिस्टन आहे ते विचारतो आणि अर्धा तास गप्पा मारतो. इथे मोकळं व्हायला काहीच हरकत नाही, कारण बोलायला दोघांच्या मधे एक वस्तू आहे.

याउलट 'कशासंदर्भात' विचारल्यावर "असंच", "फ्रेंडशिप", "आधी सांगा तुम्ही कुठले" असं काही आलं तर माझ्याकडून पुढचं उत्तर जात नाही. "सध्या बिझी आहे, नंतर बोलू" असंही मी लिहीत नाही. भिडेपोटी लिहिलेलं ते वाक्य समोरचा वायदा म्हणून धरतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, "आता मोकळे आहात का?" नकाराला कारण जोडलं की ते कारण कधी संपतंय याची वाट बघणारे असतात. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

एक सूट मात्र मी ठेवतो. काही जणांना मुद्द्यावर यायला खरंच वेळ लागतो, विशेषतः वयस्कर आणि बुजऱ्या लोकांना. आधी ख्यालीखुशाली, मग काम, अशी त्यांची बोलायची रीत असते. 'असंच' म्हणणारा माणूस आपल्याच ग्रुपमधला असेल तर मी आणखी एकदा विचारतो, "पेनाबद्दल काही होतं का?" तिसऱ्यांदा नाही.

आता ज्या एका प्रकारात सभ्य माणसंच जास्त फसतात, त्याबद्दल जरा सविस्तर. मेसेज साधारण असा असतो: "हाय मीनल, उद्याची मीटिंग अकरालाच ना?" तुम्ही मीनल नसता. मीटिंग चुकेल बिचारीची, म्हणून तुम्ही कळवता, "नंबर चुकलाय." इथवर तुमचं काहीच चुकलेलं नाही. पुढे काय येतं ते बघायचं. ज्याचा नंबर खरंच चुकला आहे तो "सॉरी" म्हणतो आणि गायब होतो, कारण त्याला मीनलला गाठायचं असतं. दुसरा मात्र मीनलला तिथेच विसरतो. "अरे, माफ करा! पण तुम्ही किती शांतपणे सांगितलंत, हल्ली असे लोक भेटत नाहीत. आपण काय करता?" अकराची मीटिंग गेली कुठे? चौकशी मीनलवरून तुमच्यावर वळली की ओळखायचं, नंबर चुकलेला नव्हता.

यातले लोक घाई करत नाहीत, म्हणून ते फसवे वाटत नाहीत. पैशाचं नाव सुरुवातीला कुणीच काढत नाही. कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडे, नुसती सकाळ-संध्याकाळची विचारपूस चालते. मग गप्पा दुसऱ्या ॲपवर न्यायची गळ घातली जाते. मग सहज बोलता बोलता एखादा काका किंवा मित्र येतो, ज्याला क्रिप्टो किंवा शेअरमध्ये चांगला फायदा झालेला असतो. सुरुवातीला थोडे पैसे गुंतवायला लावतात आणि नफ्यासकट परतही देतात, म्हणजे विश्वास बसतो. मोठी रक्कम भरली की ती काढताना 'टॅक्स' किंवा 'फी' आधी भरा असं सांगतात, आणि तिथून पैसा कधी परत येत नाही. या सगळ्याची सुरुवात मात्र त्या गोड 'हाय'ने आणि आपल्या तितक्याच गोड उत्तराने झालेली असते.

ओळखलं तरी शिव्या घालू नका. एक तर त्यातून संभाषणच वाढतं. दुसरं म्हणजे टाइप करणारा माणूस कोण असेल ते सांगता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये अहवाल दिला होता की म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख लोकांना असे ऑनलाइन घोटाळे करायला जबरदस्तीने डांबून ठेवलेलं असावं. नोकरीच्या आमिषाने नेलेली माणसं ती. त्यांच्यावर राग काढून काय मिळणार? मी काही न बोलता ब्लॉक करतो.

माझ्या नियमाला एक मर्यादा आहे. मी पुरुष आहे, म्हणून माझा 'नमस्कार' नुसता 'नमस्कार' राहतो. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने मला सुनावलं होतं की बाईने एवढं जरी लिहिलं तरी अनेकांना तो होकार वाटतो, आणि पाच मिनिटांत "डीपी छान आहे" येतं. ती नुसत्या 'हाय'ला उत्तरच देत नाही. काम असलेला माणूस आपणहून पुढचं वाक्य लिहितो, असा तिचा अनुभव. तिचं बरोबर आहे. नंबर जाहीर करायची तुम्हाला गरज नसेल तर तुम्हीही तिचंच ऐका. ज्याने आपलं नाव आणि काम सांगायचे कष्ट घेतले नाहीत, त्याला उत्तर न देण्यात उद्धटपणा कसला?

इन्स्टाग्रामवर हे सोपं जातं. अनोळखी माणसाचा मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतो आणि तुम्ही ती स्वीकारेपर्यंत आपण तो वाचला हे त्याला कळत नाही. म्हणजे निवांत वाचून ठरवता येतं. व्हॉट्सॲपवर आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल फोटो आणि 'लास्ट सीन' फक्त आपल्या संपर्कांना दिसेल असं करून ठेवा, म्हणजे गप्पांना निमित्तच कमी मिळतं. कुणी फारच मागे लागलं तर नुसतं ब्लॉक न करता रिपोर्टही करा. रिपोर्ट केल्याचं त्या माणसाला कळवलं जात नाही, पण त्याने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. म्हणून रिपोर्ट करण्याआधी चॅट पुसून टाकू नका.