गाइडला तीन प्रोजेक्ट आयडियांचा मेल

"मोडी ओसीआर, एसटी कधी येईल ते सांगणारं ॲप, कांदाचाळीत सेन्सर. यातली कोणती घेऊ हे सरांना मेलमध्ये कसं विचारू?"

प्रत्येक आयडियाखाली डेटा कुठून आणणार आणि पंधरा दिवसांत काय तपासून बघता येईल एवढं लिहा, आणि तुमचा कल कुठे आहे ते वरच सांगून टाका. मला असे मेल येतात, आणि मी पहिलं बघतो ते गाडं कुठे अडणार. मोडीला वाचून टाइप केलेली पानं लागतात, ती नसतील तर अख्खं सेमिस्टर लेबलिंगमध्येच जाणार, आणि एसटीचं जीपीएस फीड मिळालं नाही तर ॲप तिथंच संपलं. घरची चाळ असेल तर मी कांदाच घेईन, दोन डीएचटी२२ लावून आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर किती तास राहते ते मोजता येतं (पावसाळ्यात ९० च्या पुढे हा सेन्सर गंडतो, तेही लिहा). फक्त सरांचा स्वतःचा फंडेड प्रोजेक्ट चालू असेल तर आधी त्यात जागा आहे का विचारा.