जुन्या कंपनीकडून अनुभवपत्र मागताना

प्रश्न : "दोन वर्षांपूर्वी नोटीस पिरियड पूर्ण न करता मी एक नोकरी सोडली. तेव्हा कंपनीने अनुभवपत्रही दिले नाही आणि रिलीव्हिंग लेटरही दिले नाही. आता परदेशातील प्रवेशासाठी आणि व्हिसाच्या फाइलसाठी दोन्ही हवे आहे. मालकांना काय लिहू? ते जुना राग काढतील, अशी भीती वाटते."

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यातून बाहेर पडलेला एक मेकॅनिकल इंजिनिअर अशाच अडचणीत माझ्याकडे आला होता. जर्मनीतील ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला त्याने अर्ज केला होता, तेथे पदवीनंतरच्या किमान एक वर्षाच्या पूर्णवेळ अनुभवाचा लेखी पुरावा मागितला होता. मालकांना पाठवायचा मजकूर त्याने लिहूनही आणला होता. त्यातला अर्धा भाग शेवटच्या महिन्याचा पगार अडवल्याच्या तक्रारीचा होता आणि उरलेल्या अर्ध्या भागात 'मला तातडीने सर्व कागदपत्रे द्यावीत' एवढेच होते. असा निरोप मिळालेला माणूस तक्रारीला उत्तर देत बसतो आणि कागद बाजूला राहतात. शिवाय 'सर्व कागदपत्रे' म्हणजे नेमके काय, हे ज्या कारखान्यात वेगळा एचआर विभागच नाही, तेथे कोण ठरवणार?

म्हणून आधी त्याचे नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा आणि पीएफच्या पोर्टलवरील सर्व्हिस हिस्टरी टेबलावर मांडली. १ ऑगस्ट २०२१ रोजी तो प्रशिक्षणार्थी म्हणून लागला होता. पहिले सहा महिने स्टायपेंड होता आणि त्यावर पीएफ कापला जात नव्हता. १ फेब्रुवारी २०२२ पासून तो ज्युनिअर इंजिनिअर म्हणून कायम झाला आणि १२ जून २०२३ रोजी त्याने काम सोडले. बायोडेटात मात्र त्याने सरसकट 'दोन वर्षे' लिहिले होते. प्रत्यक्षात प्रशिक्षण धरून बावीस महिने आणि काही दिवस होत होते, तर पीएफच्या नोंदीत त्याहून सहा महिने कमी दिसत होते. फाइल तपासणाऱ्याला हे तीन वेगवेगळे कालावधी दिसले असते, तर मुळात खरा असलेला अनुभवही संशयास्पद ठरला असता. तेव्हा पत्रात प्रशिक्षणाचा आणि नियमित नोकरीचा काळ वेगवेगळा नोंदवून घ्यायचा आणि बायोडेटाही तसाच दुरुस्त करायचा, हे प्रथम ठरले.

मग पैशांचा विषय घेतला, कारण माझ्या मते अशा प्रकरणात कागद बहुधा तेथेच अडलेला असतो. नियुक्तीपत्राप्रमाणे नोटीस तीस दिवसांची होती आणि कमी पडलेल्या दिवसांची वसुली एकूण मासिक पगारावर करायची होती. त्याने १ जूनला राजीनामा दिला आणि बारा दिवस काम केले, म्हणजे अठरा दिवस कमी पडले. चोवीस हजारांच्या पगारावर त्याची रक्कम १४,४०० रुपये होते, तर त्याचा बारा दिवसांचा पगार ९,६०० रुपये होतो. ज्याला तो 'अडवलेला पगार' म्हणत होता, तो वजा केल्यावरही देणे त्याच्याकडेच निघत होते, ४,८०० रुपयांचे. हा हिशेब कागदावर उतरल्यावर त्याचा आवाजच बदलला आणि तक्रारीचा परिच्छेद त्याने स्वतःहून काढून टाकला.

शेवटी गेलेला निरोप असा होता :

"आदरणीय सर, सादर नमस्कार. मी १ ऑगस्ट २०२१ ते १२ जून २०२३ या काळात आपल्या कारखान्यात आधी प्रशिक्षणार्थी आणि नंतर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून काम केले. माझा कर्मचारी क्रमांक नियुक्तीपत्राच्या सोबत जोडलेल्या प्रतीवर आहे. जर्मनीतील प्रवेशासाठी व व्हिसासाठी मला आपल्याकडून दोन पत्रांची गरज आहे : माझे पद, कालावधी व कामाचे स्वरूप सांगणारे अनुभवपत्र आणि राजीनामा स्वीकारून १२ जून २०२३ रोजी कार्यमुक्त केल्याचे रिलीव्हिंग लेटर. मी नोटीसचे अठरा दिवस पूर्ण केले नव्हते. माझ्या हिशेबाने त्यापोटी ४,८०० रुपये देणे आहे. आपला हिशेब वेगळा असल्यास कळवावे, मी रक्कम लगेच भरेन. आपला वेळ जाऊ नये म्हणून दोन्ही पत्रांचे मसुदे जोडले आहेत. त्यात काही चुकीचे वाटल्यास कृपया दुरुस्त करावे. प्रवेशाची मुदत महिनाअखेरीस संपते, त्यामुळे २० तारखेपर्यंत पत्रे मिळाल्यास मोठी मदत होईल. मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

मसुदे इंग्रजीत होते, कारण ते विद्यापीठात वाचले जाणार होते. अनुभवपत्रात कंपनीचे लेटरहेड, पूर्णवेळ नोकरी, आठवड्याचे ४८ तास, चार ओळींत प्रत्यक्ष कामे आणि खाली सही करणाऱ्याचे नाव, पद, फोन व शिक्का यांच्या जागा होत्या. दोन्ही पत्रांवर सही होईल त्याच दिवसाची तारीख घालायची होती. 'जून २०२३ चीच तारीख टाकून द्या' अशी विनंती अनेक जण करतात आणि ती करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. आज दिलेल्या पत्रात जुना कार्यमुक्तीचा दिवस लिहिणे पूर्ण योग्य आहे, पण मागची तारीख घातलेला कागद पडताळणीच्या एका फोनने उघडा पडतो. परिणामही लहान नसतात. कॅनडासारख्या देशात अर्जात खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर पाच वर्षे प्रवेशाची दारे बंद होतात.

ईमेलला उत्तर आले नाही. लहान कारखान्यात ती पेटी रोज उघडली जातेच असे नाही, म्हणून काही दिवसांनी त्याने हिशेब पाहणाऱ्या मॅडमना फोन केला. त्यांनी आकडे तपासून मान्य केले, रक्कम भरून घेतली आणि मसुदे सरांपुढे ठेवले. सरांनी एकच ओळ खोडली. सीएनसी यंत्राचे प्रोग्रॅमिंग तो करत असे, असे त्याने लिहिले होते. सरांचे म्हणणे होते की तो सेटिंग करायचा, प्रोग्रॅम वरिष्ठ लिहायचे. ते खरेच होते, त्यामुळे ती ओळ बायोडेटातून आणि अर्जासोबतच्या निवेदनातूनही निघाली. जुन्या रागाचा विषय सरांनी काढला नाही.

तुमच्या मालकांनी मात्र स्मरणानंतरही दाद दिली नाही, तर तो ईमेल आणि पाठवल्याची नोंद जपून ठेवा, कारण पत्र मागितले होते हे त्यातूनच दाखवता येते. त्याच्या जोडीला नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, पगार जमा झालेली बँकेची पाने आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी लावून एका पानाचे खुलासापत्र द्यावे. फॉर्म १६ साठी अडून बसू नका. पगारातून कर कापलाच नसेल, तर तो देण्याचे बंधन कंपनीवर नसते. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती सदस्याला पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. हा पर्यायी संच स्वीकारायचा की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ व व्हिसा कार्यालय आपापल्या नियमाने ठरवते, म्हणून अर्ज भरण्याआधीच प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर मागवून घ्या.