अरबीतलं हाल-वाक्य कसं ओळखायचं?

प्रश्न: ‘यब्की’ (तो रडतो) हे हाल, म्हणजे क्रिया घडताना कुणाची अवस्था काय होती हे सांगणारा भाग आहे, विशेषण आहे की विधेय, हे कसं कळतं?

आधीचं नाम निश्चित आहे का ते बघा. ‘रऐतु वलदन् यब्की’मध्ये ‘वलदन्’ अनिश्चित, म्हणून ‘यब्की’ विशेषण: रडणारा एक मुलगा मला दिसला. ‘रऐतुल् वलद यब्की’मध्ये मुलगा ठरलेला आहे, म्हणून हाल: तो मला रडताना दिसला. इथे रडणं त्या क्षणापुरतं आहे, मुलाची ओळख नव्हे.

‘अल्-वलदु यब्की’मध्ये मात्र ते विधेय आहे. ते काढलं तर नुसतं ‘मुलगा’ उरतं, वाक्यच राहत नाही. हाल काढला तरी ‘मुलगा दिसला’ हे वाक्य पूर्णच राहतं.

हालाआधी ‘आणि’ अर्थाचा ‘व’ जोडायचा असेल तर सर्वनामही घ्या: ‘व हुव यब्की’. होकारार्थी वर्तमान क्रियापदाला नुसता ‘व’ लावू नका. विद्यार्थी इथेच चुकतात.