जीआय ७३ म्हणजे ७३ काय?

प्रश्न: ठाण्याच्या डाएटिशियनने बाबांना (डायबेटिस, वय ६८) एक शीट दिलीय. त्यात भातासमोर "जीआय ७३", कलिंगडासमोर "७६", उकडलेल्या काबुली चण्यांसमोर "२८", आणि खाली "५५ च्या आतले पदार्थ निवडा". ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे नक्की काय? तेवढी साखर असते का त्या पदार्थात? आणि कलिंगड भातापेक्षा वाईट कसं? मराठीत याला काय म्हणतात?

उत्तर:

नाही, तेवढी साखर नसते. तो आकडा ग्रॅम नाही, टक्के साखर नाही, कॅलरी तर नाहीच. ती एक तुलना आहे, त्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते याची, आणि तुलना कोणाशी तर निव्वळ ग्लुकोजशी. ग्लुकोज खाल्ल्यावर जेवढी चढते त्याला १०० धरायचं, मग भाताने ७३ इतकी चढते, चण्याने २८ इतकी.

शब्दाचं आधी सांगतो कारण अर्धा अर्थ तिथेच सापडतो. ग्रीकमध्ये ग्लायकिस म्हणजे गोड आणि हैमा म्हणजे रक्त, ते दोन्ही जोडून ग्लायसेमिया झालं, रक्तातली साखर. हाच हैमा हिमोग्लोबिनमध्ये आहे आणि अॅनिमियामध्येही. म्हणजे ग्लायसेमिक हे विशेषण रक्ताबद्दल बोलतं, ताटातल्या पदार्थाच्या गोडीबद्दल नाही. आणि इंडेक्स म्हणजे आपला निर्देशांक, सेन्सेक्समध्ये असतो तोच. सेन्सेक्स १९७८-७९ ला १०० धरून मोजतात, तो आकडा म्हणजे रुपये नव्हेत, तसंच इथेही ७३ हे कुठल्या वस्तूचं माप नाही, १०० च्या मानाने कुठे आहे एवढंच ते सांगतं. मराठीत बऱ्याच ठिकाणी "शर्करा निर्देशांक" लिहिलेलं दिसतं, मला तो शब्द पटत नाही कारण तो वाचून तुम्हाला पडला तोच गैरसमज होतो की पदार्थात इतकी शर्करा आहे. "रक्तशर्करा निर्देशांक" म्हटलं तर अर्थ बरोबर पोचतो. बोलताना सगळे जीआयच म्हणतात आणि त्यात काही वाईट नाही.

आता हा आकडा काढतात कसा ते बघा, कारण कलिंगडाचं कोडं तिथेच सुटतं. १९८१ साली टोरोंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाला एकच पदार्थ खायला देतात, नुसता, सोबत काही नाही, आणि तो इतका देतात की त्यातून पचणारं कार्बोहायड्रेट बरोबर ५० ग्रॅम मिळेल. मग खाण्याआधी एकदा आणि नंतर दोन तासांत अनेकदा बोटातून रक्त घेऊन साखर बघतात, सुरुवातीला पंधरा-पंधरा मिनिटांनी आणि मग अर्ध्या-अर्ध्या तासाने, त्याचा आलेख काढतात आणि उपाशीपोटीच्या रेषेच्या वर आलेखाखाली जेवढा भाग भरला तो मोजतात. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज देऊन तेच करतात. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, शंभराने गुणायचं. निदान दहाजणांवर हे करून सरासरी काढतात आणि ही माणसं सहसा निरोगी असतात. ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० आणि वर जास्त, ही नेहमीची वाटणी, तुमच्या शीटवरचा ५५ तिथून आलाय.

यातली मेख आहे ५० ग्रॅम कार्बोहायड्रेटमध्ये. शिजवलेल्या भातातून ५० ग्रॅम मिळायला साधारण १८० ग्रॅम भात लागतो, म्हणजे मोठी वाटी भरून, तेवढा कोणीही सहज खातो. कलिंगडातून ५० ग्रॅम मिळायला जवळजवळ ७०० ग्रॅम गर खावा लागतो, कारण कलिंगड म्हणजे बहुतेक पाणीच. तेवढं कलिंगड एका बैठकीत बाबा खात नसतील. म्हणून ७६ हा आकडा खरा असूनही तुमच्या घरातल्या बशीबद्दल तो काही बोलत नाही.

ही उणीव भरून काढायला दुसरा शब्द आला, ग्लायसेमिक लोड, १९९७ पासून वापरात आहे. हिशोब सोपा आहे, जीआयला त्या वाढपातल्या कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमने गुणायचं आणि १०० ने भागायचं. तुमच्याच शीटवरचे तीन पदार्थ घेऊ, तिघांचंही वजन १५० ग्रॅम. भातात साधारण ४२ ग्रॅम कार्बोहायड्रेट, ७३ ने गुणून शंभराने भागलं की ३१ च्या आसपास येतात. कलिंगडात जेमतेम १० ते ११ ग्रॅम, ७६ ने गुणलं तरी ८. उकडलेल्या चण्यात तंतू सोडून पचणारं सुमारे ३० ग्रॅम, २८ ने गुणून पुन्हा ८. दहापर्यंत लोड कमी मानतात आणि वीसपासून पुढे जास्त. म्हणजे ७६ वालं कलिंगड आणि २८ वाले चणे या वजनाला एकाच जागी येऊन बसले आणि भात दोघांच्या जवळपास चौपट. याचा अर्थ कलिंगड आणि चणे सारखेच असा नाही, चण्याने पोट भरतं, त्यात प्रथिनं आहेत, पण घोडबंदर रोडवरून कलिंगड आणलं आणि चार फोडी खाल्ल्या म्हणून बाबांना घाबरवायचं कारण नाही. ज्यूस मात्र नको, ग्लासात किती फळं गेली ते कळत नाही आणि चावायचंही राहत नाही.

भाताचं थोडं जास्त सांगायला हवं कारण आपल्याकडे वाद तिथेच होतो. ७३ ही पांढऱ्या भाताची सरासरी आहे आणि भाताइतका फरक फार थोड्या पदार्थांत पडतो. तांदळाच्या पिठूळ भागात दोन प्रकारचे स्टार्च असतात, अॅमिलोज आणि अॅमिलोपेक्टिन. अॅमिलोजची साखळी सरळ आणि घट्ट, ती पचायला वेळ घेते, अॅमिलोपेक्टिनला फांद्या फुटलेल्या म्हणून पाचकरसांना एकाच वेळी अनेक टोकं मिळतात आणि ते लवकर फुटतं. ज्यात अॅमिलोज कमी तो भात चिकट होतो आणि साधारणपणे साखरही लवकर चढवतो. जांभळी नाक्याच्या दुकानात इंद्रायणी किंवा आंबेमोहोर मागितला तर तो मऊ चिकट होणारा तांदूळ, आणि कोकणातल्या लोकांचा उकडा तांदूळ याच्या उलट्या टोकाचा, टरफलासकट वाफवून वाळवल्यामुळे त्यातलं स्टार्च पुन्हा घट्ट बसतं आणि सहसा त्याचा जीआय कमी येतो. शिजवण्यानेही फरक पडतो, जास्त पाणी घालून गुरगुट्या केलेला भात किंवा पेज लवकर पचते. वयस्कर माणसांना चावायला त्रास नको म्हणून आपण प्रेमाने मऊ भात लावतो, आणि साखर का चढली म्हणून दुसऱ्या दिवशी कोडं पडतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

शिवाय बाबा नुसता भात खात नाहीत. वरण, तूप, लिंबू, बाजूला उसळ. चरबी आणि प्रथिनांमुळे पोट हळू रिकामं होतं, आंबटपणामुळेही, म्हणून ताटाचा एकत्रित परिणाम नुसत्या भाताच्या ७३ सारखा नसतो. आकडा नुसत्या पदार्थाचा आणि जेवण सगळ्या ताटाचं, ही तफावत शीटवर कधीच लिहिलेली नसते.

आणखी एक गोष्ट जी लोक चुकीची वाचतात. साध्या साखरेचा जीआय ६५ आहे, पांढऱ्या ब्रेडचा ७५ आणि आइस्क्रीमचा ५१. हे वाचून कोणी म्हणेल की मग आइस्क्रीम "५५ च्या आत" आहे, चालेल. साखरेचा आकडा कमी येतो कारण तिचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, तो यकृताकडे जातो आणि रक्तातल्या ग्लुकोजच्या मोजणीत नीट दिसत नाही. आइस्क्रीममध्ये दुधाची चरबी चढण हळू करते. म्हणजे कमी जीआय हे चांगल्या पदार्थाचं सर्टिफिकेट नाही. आणि मासे, अंडी, पनीर यांच्यासमोर आकडा नसेल तर तो छापायचा राहिलाय असं समजू नका, ज्यात कार्बोहायड्रेट जवळजवळ नाही त्याचा जीआय काढताच येत नाही.

मग शीटचा उपयोग काय? एकाच जातीच्या पदार्थांत निवड करायला ती फार चांगली आहे. भात का चपाती, बटाटा का राजमा, कॉर्नफ्लेक्स का चणे. ५५ ला खरी-खोटी रेष मानू नका, ५२ आणि ५८ मध्ये काही फरक नाही, पण २८ आणि ७३ मध्ये नक्की आहे.

बाबांच्या शरीरात काय होतं ते बघायचं असेल तर घरच्या ग्लुकोमीटरवर बघता येतं. जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. एक दिवस दोन वाट्या भात आणि एक वाटी उसळ, दुसऱ्या कुठल्या दिवशी एक वाटी भात आणि दोन वाट्या उसळ, बाकी भाजी, गोळी, जेवायची वेळ, जेवणानंतरची फेरी सगळं तेच ठेवायचं, नाहीतर कशामुळे काय झालं कळणार नाही. दोन्ही दिवशी किती चढली ते वजाबाकी करून लिहा. मीटर स्वतःच १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतो, त्यामुळे दहा-पंधरा पॉइंटचा फरक आला तर त्यावरून काही ठरवू नका, चाळीस-पन्नासचा फरक पुन्हा पुन्हा आला तर तो खरा. ती वही डाएटिशियनला दाखवा. आणि बाबा इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असतील तर भात एकदम अर्धा करण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस जुन्या भातावर ठरलेला असतो.

त्याच संदर्भात शेवटचं, कारण शीट फ्रिजवर चिकटवली की लोक ती सगळ्या वेळी पाळतात. साखर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर त्या वेळी कमी जीआयचा पदार्थ चुकीचा. चणे, शेंगदाणे, चॉकलेट हळू चढवतात. तेव्हा ग्लुकोज पावडर किंवा साखर, १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. ही ओळ पेनाने त्याच शीटच्या खाली लिहून ठेवा.