पगारवाढीच्या बोलणीला बसण्याआधी

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, ८० कायम कामगार. जुना करार संपला. युनियनने मागणीपत्रात दरमहा ९,००० रुपये वाढ मागितली आहे. किती द्यायचे आणि कुठे थांबायचे, हे कसे ठरवू?

उत्तर : बोलणीची तारीख देण्याआधी दोन कागद जमवा. पहिला, आसपासच्या तुमच्याच आकाराच्या फौंड्र्यांतले अलीकडचे करार. दुसरा, तुमचे तीन वर्षांचे ताळेबंद. उद्या वाद न्यायाधिकरणापुढे गेला, तर तिथेही हेच बघतात : त्या भागात त्या धंद्यात काय पगार आहे आणि मालकाची ऐपत किती. 'परवडत नाही' म्हणणार असाल, तर हिशेब उघडून दाखवायची तयारी हवी. किमान वेतनाच्या बाबतीत मात्र ही सबब चालतच नाही.

आता आकडे. समजा, शेजारचे करार साडेचार ते साडेपाच हजारांत झालेत. मग तुमचे लक्ष्य ५,००० ठेवा. पण बेसिकमध्ये दिलेले ५,००० तुम्हाला ५,००० ला पडत नाहीत. पूर्ण पगारावर पीएफ भरत असाल, तर शुल्कासह १३ टक्के आणि ग्रॅच्युइटीचे जवळपास पाच टक्के धरून ते ५,९०० च्या घरात जातात. त्यावर ओव्हरटाइम वेगळा. शिवाय ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, त्यामुळे दहा वर्षे जुन्या कामगाराला हजार रुपये वाढवले की मागच्या नोकरीपोटीही सुमारे ५,७७० रुपयांचा बोजा चढतो. बहुतेक मालक नेमके हेच धरायचे विसरतात. सगळी वाढ भत्त्यांत टाकून यातून सुटता येईल, असे समजू नका. नव्या वेतन संहितेत निम्म्याहून जास्त झालेले भत्ते वेतनातच मोजले जातात.

शेवटची मर्यादा हा सगळा बोजा धरून ताळेबंदावरून काढा, समजा पगारातली वाढ जास्तीत जास्त ५,८०० निघाली. ती लिहून ठेवा आणि भागीदारांची सही घ्या, म्हणजे रात्री अकराला दमून कोणी सात हजार कबूल करणार नाही. सुरुवात ३,५०० च्या खाली करू नका. हजार-दीड हजार पुढे केलेत, तर कामगारांना तो अपमान वाटतो आणि पुढचे दोन महिने त्यातच जातात.

आकडा अडला, तर टप्पे पाडा. ५,००० पहिल्या दिवसापासून दिले, तर तीन वर्षांत एका कामगारामागे १,८०,००० जातात. ३,०००, मग १,०००, मग १,००० असे दिले, तर १,४४,०००. कामगाराच्या हातात शेवटी तेवढीच वाढ पडते. युनियन याला सहसा तयार होते, पण बदल्यात करार संपल्यापासूनचा फरक मागते. तो देणे रास्त आहे, म्हणून ती रक्कम आधीच बाजूला काढा.

सही मात्र सहायक कामगार आयुक्तांपुढे, समेटाच्या कार्यवाहीत करा. आपापसातला करार सही करणाऱ्यांनाच बांधतो, समेटातला युनियनबाहेरच्या आणि पुढे लागणाऱ्या कामगारांनाही.