माझा भाग राहिलाय, गटाला ईमेल कसा लिहू?

"चौघांचा प्रोजेक्ट आहे. माझं प्रकरण आज द्यायचं होतं, निम्मंही झालेलं नाही. ग्रुपवर विचारणा होतेय, मी मेसेज उघडतच नाही. ईमेल लिहायला घेते आणि पुसून टाकते. काय लिहू?"

रत्नागिरीतल्या कॉलेजची एक विद्यार्थिनी अशाच अवस्थेत माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्यांच्या गटाचा विषय होता पावसाळी मासेमारी बंदीनंतरचे पहिले आठवडे. ३१ जुलैला बंदी संपते, होड्या बाहेर पडतात. हिच्याकडे मिरकरवाडा बंदरावरच्या २० मुलाखती आणि त्यांवरचं प्रकरण होतं.

तिने मला मसुदा दाखवला. आजीचं आजारपण, वीज जाणं, स्वतःला दिलेले दोष, चार वेळा 'सॉरी' आणि शेवटी "लवकरच पाठवते." मी म्हटलं, "गटातला तक्ते करणारा मुलगा हे वाचून उद्या सकाळी काय करील?" ती थांबली. "काहीच नाही, मॅडम. पुन्हा विचारील, कधी देतेस?" सगळ्यांकडून तेवढाच प्रश्न परत येणार असेल तर ईमेल अजून लिहून झालेला नाही, असं मी समजते.

मग ईमेल बाजूला ठेवला आणि काम मांडलं. 'निम्मंही नाही' असं तीही म्हणत होती, पण तो अंदाज भीतीतून आलेला होता. मुलाखती १४ झाल्या होत्या. वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला, होड्या बाहेर पडल्याच नाहीत, धक्क्यावर कोणी भेटेना आणि सहा राहून गेल्या. झालेल्यांपैकी पाच तक्त्यात भरलेल्या होत्या, नऊ वहीत पडून होत्या. लिखाण शून्य.

"किती दिवस लागतील?" या प्रश्नावर तिचं लगेच उत्तर आलं, "दोन." इथे मी सावध होते. उशीर झालेला माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून जवळची तारीख देतो आणि तीही चुकते. तसंही आपले अंदाज आशावादीच असतात. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात साधारण ५५ लागले. म्हणून मी तिला एक मुलाखत समोर बसून भरायला लावली. २५ मिनिटं गेली. नऊ मुलाखतींचे पावणेचार तास. एसटीने घरी पोचून, जेवणखाण आटोपून तिला रोज दोन तास मिळत. म्हणजे तक्त्याला दोन संध्याकाळी, लिखाणाला दोन, आणि एक हाताशी राखून. सोमवार होता. तक्ता बुधवारी रात्री, प्रकरण शनिवारी रात्री.

सरांकडे गटाची अंतिम तारीख त्यापुढचा बुधवार होती, त्यामुळे हे आतच बसत होतं. तसं बसत नसेल तर मात्र गटाने आपापसात ठरवून भागत नाही. चौघांनी मिळून सरांना आधी सांगावं लागतं.

तिने शेवटी पाठवलेला ईमेल असा होता:

विषय: प्रकरण ३ अपूर्ण, नवं वेळापत्रक, उद्या रात्रीपर्यंत उत्तर हवं

"माझं प्रकरण आज पूर्ण नाही. मी हे आठवड्यापूर्वीच कळवायला हवं होतं, सॉरी. २० पैकी १४ मुलाखती झाल्या. बावट्यामुळे सहा राहिल्या. पाचांचा तक्ता सोबत जोडलाय, त्यावर तक्त्यांचा साचा आजच सुरू करता येईल. उरलेल्या नऊ बुधवारी रात्री १० पर्यंत, लिखाण शनिवारी रात्री १० पर्यंत देते. एक निर्णय तुम्ही सांगा: १४ वरच थांबायचं, की सहा घेऊन लिखाण सोमवारवर न्यायचं? माझं मत, १४ वर थांबून पद्धतीच्या भागात कारण लिहावं."

आजी आणि वीज दोन्ही गेली. बावटा राहिला, कारण त्याने आकडाच बदलला होता. माफी एकदाच आली, तीही नेमक्या चुकीची. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जोडलेली पाच नोंदींची फाईल. वाट बघणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं.

एक जण चिडलाच. "आता सांगतेस?" एवढंच त्याचं उत्तर. तिला लगेच लांबलचक खुलासा लिहायचा होता. मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे, बुधवारी तक्ता येतोय" इतकं पुरे. त्याचा राग रास्त होता आणि तो दोन ओळींत जाणारा नव्हता. बाकी दोघांनी १४ वर थांबायला होकार दिला.

बुधवारी तिच्या दोन नोंदी राहिल्या. या वेळी तिने रात्री नऊलाच कळवलं, सात पाठवल्या आणि उरलेल्या गुरुवारी दिल्या. राखीव संध्याकाळ तिथे खर्ची पडली, शनिवार हलला नाही.

तुम्ही मेसेज उघडत नाही म्हणता, ते आधी उघडू नका. पहिल्यांदा काम मोजा, ईमेल पाठवा, मग उघडा. मात्र हे टाळणं फक्त या प्रोजेक्टपुरतं नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, घरच्यांचे फोनही घेववत नसतील, तर ईमेल पाठवून झाल्यावर कॉलेजच्या समुपदेशकांकडे जाऊन या.